तापमान स्थिर की उष्णता बंद?

आयझॅक न्यूटनने हवेतल्या ध्वनीचा वेग निव्वळ गणिताने काढला, तेव्हा उत्तर प्रत्यक्ष मोजमापापेक्षा बरंच कमी आलं. १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त ही मांडणी आहे. आजच्या आकड्यांत सांगायचं तर शून्य अंश सेल्सिअसच्या हवेसाठी त्याची पद्धत सेकंदाला २८० मीटर इतका वेग देते. प्रत्यक्षात ध्वनी ३३१ मीटरने धावतो. तूट पंधरा टक्क्यांची, आणि ती मोजमापातल्या चुकीवर ढकलता येण्याइतकी लहान नव्हती. १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने हवेच्या कणांची जाडी, हवेत मिसळलेली वाफ अशी कारणं देऊन हिशेब जुळवायचा प्रयत्न केला. खरं कारण फ्रेंच गणिती लाप्लासने १८१६ साली मांडलं. न्यूटनचं यांत्रिकीचं गणित बिनचूक होतं. हवा दाबली जाते आणि विरळ होते तेव्हा तिचं तापमान तेवढंच राहतं, हे त्याचं गृहीतक तेवढं चुकलेलं होतं.

ध्वनीची लाट जाते तेव्हा हवेचा एक पट्टा दाबला जातो आणि शेजारचा पट्टा सैलावतो. दाबलेला तापतो, सैलावलेला गार होतो. तापलेल्या पट्ट्यातली उष्णता शेजारी गेली असती तर दोन्हींचं तापमान सारखं झालं असतं आणि न्यूटन बरोबर ठरला असता. पण सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर घेतला, तर या दोन पट्ट्यांमधलं अंतर ३९ सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि दाबलेल्याचा सैल व्हायला सेकंदाचा साधारण नऊशेवा भाग पुरतो. तेवढ्या वेळात हवेतून उष्णता जेमतेम मिलिमीटरच्या एखाद्या अंशाइतकी सरकते. म्हणजे देवाणघेवाण होतच नाही. उष्णता अडकून पडते आणि त्यामुळेच तापमान हलतं.

अकरावी-बारावीच्या, सीईटी आणि नीटच्या प्रश्नांत मुलं जिथे सर्वांत जास्त अडखळतात, ती जागा नेमकी हीच आहे. आयसोथर्मल म्हणजे समतापी बदल, यात तापमान स्थिर. आयसोबॅरिक म्हणजे समदाबी बदल, यात दाब स्थिर. ॲडियाबॅटिक बदलात उष्णता आत येत नाही की बाहेर जात नाही. व्याख्या तिन्ही तोंडपाठ असतात. तरीही ‘उष्णता दिलीच नाही, मग तापमान बदलेल कशाला?’ हा विचार डोक्यात ठाण मांडून बसतो, आणि त्याचीच दुसरी बाजू म्हणून ‘तापमान बदललं नाही, म्हणजे उष्णता शून्य’ असं उत्तरपत्रिकेत उतरतं. दोन्ही विधानं चूक आहेत.

हा गुंता सोडवायला उष्मागतिकीचा पहिला नियम पुरतो. वायूला दिलेल्या उष्णतेतून वायूने बाहेर केलेलं कार्य वजा केलं, की उरतं ते त्याच्या आंतरिक ऊर्जेत जमा होतं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे असं लिहितात:

ΔU = Q − W

Q ही वायूला मिळालेली उष्णता, W हे वायूने केलेलं कार्य आणि ΔU हा आंतरिक ऊर्जेतला बदल. आदर्श वायूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हाताशी असते. त्याची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर ठरते. आकारमान किती, दाब किती, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे तापमान वाढलं की U वाढली, उतरलं की U उतरली, जागचं हललं नाही तर U सुद्धा हलली नाही. नियमात राशी तीन आहेत आणि तापमानाचा थेट संबंध त्यातल्या एकीशीच आहे. Q शी त्याचा संबंध लावायला मधे W ओलांडून जावं लागतं.

आता एक सिलिंडर घेऊ. आत एक लिटर हवा, तापमान ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस, दाब ४ बार. वर घर्षणाशिवाय सरकणारा पिस्टन. ही हवा फुगून दोन लिटर व्हायची आहे. सुरुवात तीच, शेवटचं आकारमानही तेच, पण वाटा तीन. हवा मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन या द्विअणू वायूंची असल्यामुळे तिच्या आंतरिक ऊर्जेचं गणित सोपं होतं. दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराच्या अडीच पट, एवढी ती धरायची. सुरुवातीला हा गुणाकार ४०० ज्यूल आहे, म्हणून आंतरिक ऊर्जा १००० ज्यूल.

पहिली वाट समदाबी. पिस्टनवर ठरावीक वजन ठेवलंय आणि खालून हवा तापवली जातेय. पिस्टन मोकळा असल्यामुळे आतला दाब ४ बारच राहतो. आकारमान दुप्पट व्हायचं तर केल्विनमधलं तापमानही दुप्पट व्हायला हवं, म्हणजे ६०० केल्विन, ३२७ अंश सेल्सिअस. वायूने केलेलं कार्य म्हणजे दाब गुणिले आकारमानातली वाढ, ४०० ज्यूल. तापमान दुप्पट झाल्याने आंतरिक ऊर्जा १००० वरून २००० ज्यूलवर गेली, म्हणजे १००० ची वाढ. दोन्ही मिळून १४०० ज्यूल उष्णता खालून द्यावी लागली. दिलेल्या प्रत्येक सात भागांतले पाच हवा तापवण्यात गेले आणि दोन पिस्टन उचलण्यात.

दुसरी वाट समतापी. सिलिंडरच्या भिंती उष्णता सहज जाऊ देणाऱ्या धातूच्या आहेत, भोवती २७ अंशांच्या पाण्याची मोठी टाकी आहे, आणि पिस्टनवरचं वजन कणाकणाने कमी केलं जातंय. हवा फुगताना किंचित गार होऊ पाहते, लगेच पाण्यातून उष्णता आत येते आणि तापमान पूर्वपदावर येतं. दाब ४ बारवरून हळूहळू २ बारपर्यंत उतरतो. दाब सतत घटत असल्यामुळे कार्य पहिल्या वाटेपेक्षा कमी होतं. ४०० ज्यूलला दोनच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने, म्हणजे ०.६९३ ने गुणलं की उत्तर २७७ ज्यूल. आंतरिक ऊर्जेत बदल शून्य. म्हणून आत आलेली उष्णताही २७७ ज्यूल. तापमापकाचा काटा हललासुद्धा नाही, पण एवढी ऊर्जा पाण्यातून हवेत आली आणि हवेतून पिस्टनकडे गेली.

तिसऱ्या वाटेवर सिलिंडरला जाड उष्णतारोधक वेष्टन घातलंय. वजन पुन्हा कणाकणाने काढायचं. हवा पिस्टनला ढकलते आहे, कार्य करते आहे, पण आता बाहेरून भर पडत नाही. मग कार्याचा खर्च भागतो कशातून? साठवलेल्या आंतरिक ऊर्जेतून. आकारमान दुप्पट होईपर्यंत तापमान २२७ केल्विनवर येतं, म्हणजे उणे ४६ अंश सेल्सिअस. दाब १.५२ बारपर्यंत पडतो. आंतरिक ऊर्जा १००० वरून ७५८ ज्यूलवर आली, आणि ही २४२ ज्यूलची घट म्हणजेच वायूने केलेलं कार्य. Q शून्य. उष्णतेचा एक ज्यूलही इकडचा तिकडे झाला नाही आणि हवा डीप फ्रीझरपेक्षा गार झाली.

या आकड्यांकडे बघितलं की एक गोष्ट ठळक होते. पिस्टन तिन्ही वेळा तेवढाच वर सरकला, पण हवेने केलेलं कार्य ४००, २७७ आणि २४२ ज्यूल असं वेगवेगळं निघालं. कार्य आणि उष्णता हे दोन्ही वाटेवर अवलंबून असतात. आंतरिक ऊर्जेतला बदल मात्र केवळ सुरुवातीच्या आणि शेवटच्या तापमानावरून सांगता येतो.

मुलांची चूक होते ती आळसामुळे, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. तिचं मूळ दहावीत आहे. तिथे विशिष्ट उष्माधारकता शिकवली जाते. वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातला फरक म्हणजे उष्णता. पाणी, तांबं, लोखंड यांच्यासाठी हे सूत्र चोख चालतं, कारण तापताना ते इतकं कमी फुगतात की त्यांनी केलेलं कार्य हिशेबात धरावंच लागत नाही. तिथे उष्णता आणि तापमान हातात हात घालून चालतात. वायूला हाच पदार्थांचा गुण लावायला गेलं की घोटाळा होतो. वरच्या सिलिंडरमधल्या हवेची उष्माधारकता किती? समदाबी वाटेवर ३०० अंश वाढीसाठी १४०० ज्यूल लागले. समतापी वाटेवर उष्णता दिली पण तापमान वाढलंच नाही, म्हणजे उष्माधारकता अनंत. तिसऱ्या वाटेवर तापमान बदललं पण उष्णता दिलीच नाही, म्हणजे ती शून्य. वायू तोच. त्यामुळे वाट कोणती हे सांगितल्याशिवाय वायूच्या उष्माधारकतेचा एकच आकडा देता येत नाही.

यातूनच आणखी एक चूक उगवते, आणि ती हुशार मुलांची असते. समदाबी प्रश्नात आंतरिक ऊर्जेतला बदल विचारला की ती Cp वापरतात, कारण दाब स्थिर आहे. पण Cp ने मिळते ती दिलेली एकूण उष्णता. आंतरिक ऊर्जा तापमानावरच ठरत असल्याने तिच्यासाठी नेहमी Cv घ्यायचा, आकारमान स्थिर असो वा नसो:

ΔU = nCvΔT

वरच्या उदाहरणात Cp वापरला असता तर १००० च्या जागी १४०० आलं असतं आणि पिस्टन उचलायला काहीच उरलं नसतं. ‘द्विअणू वायूला स्थिर दाबाखाली ७० ज्यूल उष्णता दिली, आंतरिक ऊर्जा किती वाढली?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर सात-पाच-दोनच्या वाटणीने ५० ज्यूल येतं. हेलियमसारख्या एकअणू वायूची वाटणी पाच-तीन-दोन अशी असते, म्हणून आधी वायू कोणता हे बघून घ्यायला हवं.

प्रश्न वाचताना प्रकार ओळखायचा कसा? शिकवण्यांमध्ये एक चटपटीत नियम सांगितला जातो. ‘झटकन’ म्हटलं की ॲडियाबॅटिक, ‘हळूहळू’ म्हटलं की आयसोथर्मल. बहुतेक वेळा तो चालतोही. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचं खालचं टोक हाताला गरम लागतं, कारण दाबलेल्या हवेची उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. पण वेग हा केवळ एक इशारा आहे. उष्णतेला ये-जा करायला वाट आहे का, आणि असली तर वेळ पुरतो का, हे बघायचं असतं. वेष्टन घातलेल्या सिलिंडरमध्ये आपण वजन अगदी कणाकणाने काढलं, तरी तो बदल ॲडियाबॅटिकच राहिला.

संथ ॲडियाबॅटिक बदलाचं मोठं उदाहरण सह्याद्रीवर दर पावसाळ्यात घडतं. अरबी समुद्रावरून आलेली हवा कोकणपट्टी ओलांडून घाटाला भिडते आणि वर चढू लागते. उंची वाढते तसा भोवतालचा दाब घटतो, हवा फुगते आणि फुगताना आजूबाजूच्या हवेला ढकलते, म्हणजे कार्य करते. हे चढणं काही क्षणार्धात उरकत नाही. तरीही कित्येकशे मीटर रुंदीच्या हवेच्या लोटाच्या मध्यापर्यंत बाहेरून उष्णता पोहोचणं अशक्यप्राय असतं, कारण हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. वेष्टनाचं काम इथे लोटाचा आकारच करतो. ढग बनलेला नाही तोवर अशी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी गार होत जाते. ‘हळूहळू म्हणजे समतापी’ हा नियम लावला तर घाटमाथ्यावर आणि रत्नागिरीत चढत्या हवेचं तापमान सारखंच निघेल.

पुढे बाष्पाचे थेंब होऊ लागले की बाष्पातली अप्रकट उष्णता हवेतच मोकळी होते आणि गार होण्याचा वेग मंदावतो. तिथून पुढे साधं आदर्श वायूचं सूत्र अपुरं पडतं. परीक्षेतल्या प्रश्नांत हवा कोरडी धरलेली असते ती याचसाठी.

वेष्टन आहे, बदल क्षणार्धात झाला, म्हणजे नक्की गार होणार, अशी खात्री बाळगणाऱ्यांसाठीही एक प्रश्न राखून ठेवलेला असतो. उष्णतारोधक डब्याच्या मधोमध पडदा आहे. एका बाजूला वायू, दुसरी बाजू निर्वात. पडदा फाटतो आणि वायू सगळ्या डब्यात पसरतो. शेवटचं तापमान किती? बरेच जण ॲडियाबॅटिकचं सूत्र लावून मोकळे होतात. पण इथे वायूने ढकललं कुणाला? पिस्टन नाही आणि समोर दाबही नाही. कार्य शून्य, उष्णता शून्य, म्हणून आंतरिक ऊर्जा जशीच्या तशी आणि आदर्श वायूचं तापमानही तेवढंच. जेम्स ज्यूलने १८४५ साली हे करून पाहिलं. एका तांब्याच्या पात्रात सुमारे २२ वातावरणांइतक्या दाबाची हवा भरली, दुसरं पात्र रिकामं केलं, दोन्ही पाण्यात बुडवली आणि मधला नळ उघडला. पाण्याच्या तापमानात त्याला फरक दिसला नाही. पुढे अधिक बारकाईने मोजल्यावर खऱ्या वायूत किंचित फरक पडतो हे कळलं, कारण खऱ्या रेणूंना एकमेकांची थोडी ओढ असते. आदर्श वायूत ती धरलेलीच नाही.

या प्रश्नातली मेख अशी की सुरुवात आणि शेवट बघितला तर तो समतापी वाटतो, व्याख्या बघितली तर ॲडियाबॅटिक आहे, आणि दोन्हींच्या कार्याची सूत्रं मात्र इथे लागत नाहीत. ती सूत्रं दाब आणि तापमान प्रत्येक क्षणी वायूभर एकसारखं असेल, तेव्हाचीच आहेत. पडदा फाटल्यानंतर वायूत नुसती खळबळ असते. त्या क्षणी ‘वायूचा दाब’ असा एक आकडा सांगताच येत नाही. म्हणून ‘मुक्त प्रसरण’, ‘निर्वात’, ‘पडदा फाटला’ असे शब्द दिसले की सूत्रांना हात न लावता थेट पहिल्या नियमाकडे यावं.

चिन्हांची अडचण वेगळीच आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला W म्हणजे वायूने केलेलं कार्य, म्हणून नियमात वजा येतो. रसायनशास्त्राच्या तासाला W म्हणजे वायूवर केलेलं कार्य, म्हणून तिथे ΔU = Q + W असं शिकवतात. दोन्ही बरोबरच आहेत, पण एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्यातलं चिन्ह एकत्र आलं की उत्तर उलटं पडतं. उत्तर आल्यावर एक तपासणी करता येते. वेष्टन घातलेला वायू पिस्टन ढकलत फुगला आणि उत्तरात त्याचं तापमान वाढलेलं निघालं, तर चिन्ह चुकलंय हे नक्की.

आलेखाच्या प्रश्नांत दाब उभ्या अक्षावर आणि आकारमान आडव्या अक्षावर असतं. समदाबी बदल म्हणजे आडवी रेघ, ती ओळखायला कष्ट पडत नाहीत. उरलेले दोन वक्र दिसायला जुळे. एकाच बिंदूतून काढले तर ॲडियाबॅटिक वक्र जास्त तीव्र उताराचा असतो, हवेच्या बाबतीत समतापीच्या १.४ पट. ‘ॲडियाबॅटिक वक्र खालचा’ असं पाठ करणारे मात्र वायू दाबला जात असताना फसतात. प्रसरणात तो वक्र खाली राहतो, कारण हवा गार झाल्यामुळे दाब जास्त पडतो. दाबताना हवा तापते, दाब जास्त चढतो आणि वक्र वर जातो.

आकड्यांत बघायचं तर १ बार दाबाची, २७ अंशांची दोन लिटर हवा एका लिटरमध्ये दाबू. उष्णता बाहेर जाऊ दिली आणि तापमान स्थिर ठेवलं तर १३९ ज्यूल कार्य करावं लागतं आणि शेवटचा दाब २ बार येतो. उष्णता अडवली तर हवा १२३ अंशांपर्यंत तापते, दाब २.६४ बारवर जातो आणि कार्य लागतं १६० ज्यूल. दाबायच्या हवेलाच आपण तापवत असतो आणि ती तापलेली हवा पिस्टनला जास्त जोराने विरोध करते, म्हणून हे २१ ज्यूल जादा.

हवा भरणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये हा जादा खर्च वाचवण्याची सोय असते. टायरच्या दुकानातल्या दुटप्पी कॉम्प्रेसरकडे नीट पाहिलं तर एक मोठा आणि एक लहान असे दोन सिलिंडर दिसतात, आणि त्यांना जोडणारी, बहुधा बाहेरून पात्यापात्यांची असलेली नळी दिसते. मोठ्या सिलिंडरमध्ये अर्धवट दाबलेली गरम हवा त्या नळीतून जाताना गार होते आणि मगच लहान सिलिंडरमध्ये पुढच्या दाबासाठी शिरते. प्रत्येक सिलिंडरमधला बदल जवळजवळ ॲडियाबॅटिक असतो. मधे एकदा गार करून घेतल्यामुळे एकूण प्रवास समतापी वक्राच्या जवळ सरकतो आणि मोटरला तेवढंच कमी कार्य करावं लागतं.